भोंग्याचा बारीक झालेला आवाज

गल्लीत तिला सगळे इस्त्रीवाली मावशी म्हणत. पुढच्या खोलीत लांब टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर पांढरी चादर, आणि हातात जुनी, जड इस्त्री. हलकी इस्त्री तिला चालत नसे. वजनाचं काम वजनानं करावं, मनगटानं नाही, असं तिचं म्हणणं. शर्ट झाला की इस्त्री लोखंडी ताटलीवर ठेवायची. ठेवायची कसली, आदळायचीच. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचा हात हळू येत नाही.

नवरा गोदामात होता. क्रेनवाल्याला खालून हाकारे द्यायचं काम. तिथं त्याचं नाव भोंगा. तो ओरडत नसे. आवाजच असा खोल, छातीच्या तळातून येणारा, की इंजिनांच्या गोंगाटातही वर काचेच्या खोक्यात बसलेल्याला "थांब" ऐकू जायचं. घरात तो कुजबुजला तरी कपाटाची काच वाजते, असं ती चिडवायची.

"अहो, हळू बोला. शेजारी झोपलेत."

"हळूच बोलतोय की."

मग त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करू, पण आवाज जाईल. तो घरी येऊन मागच्या खोलीत मोबाईल पुढ्यात घेऊन बसला आणि एकेक काम त्यात सांगून ठेवू लागला. नळाचा वायसर कसा बदलायचा. दाराचं बिजागर कधी तेल मागतं. मिक्सर मध्येच बंद पडला तर खालचं लाल बटण कुठं असतं. प्रेमाचं अक्षर नाही, नुसती कामं. पुढच्या खोलीत ती शर्टांच्या ढिगाशी भिडलेली होती. तिला वाटलं, कुणाशी तरी फोनवर बोलतोय.

आवाज गेला, आणि पुढच्या हिवाळ्यात तोही गेला.

मोबाईल तिच्याकडे आला, तेव्हा सांगून ठेवलेली ती सगळी कामं त्यात सापडली. त्याची इअरबड्सही आली. लेकीनं बापाला घेऊन दिलेली. त्याचे कान म्हणजे सुपं, म्हणून लेकीनं डबीतली सगळ्यांत मोठी रबरं त्यांना बसवली होती. ती रबरं त्याच्या कानात होती म्हणूनच हिनं ती धुतलीसुद्धा नाहीत.

दिवसाचे शर्ट उरकून ती ऐकायला बसली. शब्द सगळे कळत होते. पण बोलणारा तो नव्हता. पातळ, कोरडा, डब्यातून बोलल्यासारखा कुणीतरी माणूस वायसरबद्दल सांगत होता. ती आवाज वाढवत गेली, तसा 'स' आणि 'श' कानाला टोचायला लागला. आवाजाला खोली काही येईना. वर तो मध्येच थांबायचा. "पाना घे," म्हणून गप्प. मग "उलटा फिरव," म्हणून पुन्हा गप्प.

दम लागत असणार. म्हणजे तेव्हाच आवाज असा झाला होता, आणि बाजूच्या खोलीत असून आपल्याला कळलं नाही. हे तिला खायला लागलं.

काही दिवसांनी तिनं दुसरा अर्थ लावला, तो आणखी वाईट. इस्त्रीचा प्रत्येक हात कापडाचं थोडं तेज नेतो, हे तिला जन्मभर माहीत होतं. आपण ऐकतो तसा आवाज झिजतोय, असं तिनं ठरवून टाकलं आणि ऐकणं बंद केलं. अगदीच राहवलं नाही तर एखादं वाक्य, की बंद.

लेक फोनवर म्हणाली, "आई, रेकॉर्डिंग म्हणजे शर्ट नाही गं झिजायला."

"मग आवाजाची खोली कुठं गेली?"

"मोबाईलवर मीही ऐकलं. मोबाईलवर आवाज असाच येतो."

"असाच यायला तुझा बाप काय पिपाणी होता?"

लेकीनं नाक ओढलं. तिलाही रडू येत असावं.

शेवटी मावशी कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेली. मध्यमवयाचा, बोलका, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारा माणूस. त्याच्या शर्टांना हिचीच इस्त्री.

"हे झिजणार नाही अशा कशात तरी भरून दे," ती म्हणाली. "होईल तेवढं वाचव."

त्यानं मोबाईल पाहिला. "काही झालेलं नाही याला. कानात घाला बघू, मी बघतो."

तिनं बड्स घातली. तो वाकून बघत राहिला. "मावशी, हे घातलेलं नाही, टांगलंय. बोटानं आत दाबा. दाबून धरा."

तिनं दाबलं.

तो आला. क्षणभरच, पण अख्खा आला, छातीसकट. तिचं बोट सुटलं आणि तो पुन्हा पातळ झाला. तिनं पुन्हा दाबलं. दुकानात उभ्या उभ्या ती टेबलाचा काठ धरून राहिली.

मोबाईलवाल्यानं स्टूल सरकवलं. मग हळू सांगितलं, "खालचा, जाड आवाज हवेच्या दाबानं कळतो. कान नीट बंद असेल तर दाब आत राहतो. फट असली की तो तिथून निसटतो. बारीक आवाजाला फटीचं एवढं काही नाही, म्हणून तेवढाच उरतो. तुमच्या कानाला हे रबर मोठं आहे. आत शिरत नाही, दुमडतं, आणि घडीतून फट राहते."

"मोठं म्हणजे घट्ट ना?"

"वाटतं तसं. मापाचं ते घट्ट." त्यानं पाकिटातून लहान रबरं काढली. "ही काढा, या बसवू."

ती बड्स मुठीत धरून बसली. "ती त्यांच्या कानात होती."

दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं हातानंच थांबवलं.

तिच्या डोक्यात वायसरचं वाक्य फिरत होतं, जे तिला पाठ झालं होतं: मापाचा नसेल तर कितीही आवळ, गळणारच. आवळत बसू नकोस, बदल. तिनं स्वतःच नखानं मोठी रबरं उपसली आणि रुमालाच्या गाठीत बांधली.

डाव्या कानाला लहान रबर बसलं. उजव्यात तेच ढिलं पडलं, तिथं मधलं लागलं. "दोन कान सारखे नसतात पुष्कळांचे," तो म्हणाला. "आता काहीतरी बोला."

"काय बोलू?" ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज डोक्यात घुमला. रस्त्याचा गोंगाट दूर गेला.

"बसलं," तो म्हणाला. "घरी जाऊन ऐका."

घरी ती मागच्या खोलीत बसली, तो बसायचा तिथं. आवाज कमीच ठेवावा लागला. भोंगा जसा होता तसा बोलत होता. झिजला नव्हता, आजारानं बारीकही झाला नव्हता. एवढं दुःख तिच्या अंगावरून उतरलं.

मग तिला ते ऐकू आलं. "पाना घे." आणि त्याच्या गप्प राहण्यात, भिंतीपलीकडून, धप्प. "उलटा फिरव." धप्प. इतके दिवस फटीतून निसटून गेलेला आवाज.

तिची इस्त्री.

त्याला दम लागत नव्हता. तो वाट बघत होता. ती इस्त्री उचलून शर्टावर फिरवेल, पुन्हा आदळेल, मग पुढचं बोलू. उरलेला आवाज तो तिच्या हाताच्या अंतरा-अंतरात बसवत होता. "अगं, जरा थांब," एवढं म्हणाला असता तर ती थांबली असती. बाजूला येऊन बसली असती. पण ढीग संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, हे त्याला माहीत होतं. दुसऱ्याच्या कामात तो कधी आडवा आला नाही.

मोठी रबरं तिनं बटणांच्या डब्यात ठेवली. पुढच्या खोलीत शर्ट पडले होते. तिनं बड्स तशीच कानात ठेवून इस्त्री तापवली. बिजागराचं सुरू होतं. एक शर्ट झाला. तिनं इस्त्री ताटलीवर दोन्ही हातांनी टेकवली, अगदी हळू, जराही आवाज न करता. तो बोलता बोलता थांबला. त्या दिवसाची इस्त्री आदळली, आणि मग तो पुढचं सांगू लागला.