रेषेखालचे बिंदू

पदव्युत्तर शिक्षणानंतर वीस वर्षांनी मी हिंगण्याच्या एका कारखान्यातील प्रयोगशाळेत रुजू झाले. माझे वरिष्ठ माझ्याहून बरेच लहान होते. मी शक्यतो कागदावरच बोलत असे.

पाण्यात विरघळवलेल्या पॉलिमरची प्रत्येक बॅच आम्ही दाटपणा मोजणाऱ्या व्हिस्कोमीटरवर तपासत असू. निरनिराळ्या कर्तन-दरांना, म्हणजे द्रावणाचे थर एकमेकांवरून सरकवण्याच्या वेगांना, द्रावणात किती कर्तन-ताण, म्हणजे विरोध, निर्माण होतो, ते यंत्र दाखवी. दोन्हींचे लॉग घेऊन सरळ रेषा बसवायची. तिचा चढ म्हणजे घातांक n, आणि दर एक असताना रेषेवर मिळणारा ताण म्हणजे दाटपणाचा गुणांक K.

त्या सकाळी n ०.४७ आला आणि K ४.७. नेहमीचे आकडे ०.४२ आणि सहाच्या आसपास असत. द्रावण फार जोरात घुसळल्याने पॉलिमरच्या साखळ्या तुटल्या असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला गेला. वरिष्ठ टाकीपाशी गेले आणि मिश्रण करणाऱ्या काकांना सगळ्या पाळीसमोर बोलले. दुपारी लेखी ताकीद निघणार होती. ती त्यांची दुसरी. दुसरीनंतर माणसाला टाकीवरून काढत.

काका वर आले. "मॅडम, इतकी वर्षं मीच ढवळून राहिलो. आजच काहून तुटलं? का तुमच्या मशीनलेच झोप लागली होती?"

ते गेल्यावर मी आलेख पुन्हा उघडला.

"आर-स्क्वेअर ०.९९८ आहे, रेषा चपखल बसलीय," वरिष्ठ मागून म्हणाले. "आणखी काय हवंय तुम्हाला?"

"काही नाही, सर."

पण दोन्ही टोकांचे बिंदू रेषेच्या किंचित खाली होते आणि मधले सारे वर. वाचनातल्या किरकोळ चुका अशा शिस्तीत बसत नाहीत. प्रत्येक ताणातून सारखीच रक्कम वजा झाली, तर कमी दराच्या लहान ताणांना ती अधिक जाणवते. रेषा वाकते, चढ वाढतो, K घटतो. त्या सकाळी घाईत मी यंत्राचे शून्य लावले नव्हते, म्हणजे मोजण्याआधी रिकामे यंत्र शून्यावर आणले नव्हते.

राखून ठेवलेला नमुना घेतला, शून्य लावले, पुन्हा मोजले. बिंदू सरळ रेषेत आले. n ०.४२, K सहा.

मी शून्याचे सांगितल्यावर वरिष्ठांनी ताकीद थांबवली. ते मला रागावले नाहीत, याचेच मला अधिक ओशाळे वाटले. खाली जाऊन मी काकांना हळूच सांगितले, "चूक माझी होती, काका. बॅच ठीक आहे."

त्यांनी हात पुसले. "मले समद्यांसमोर बोलले होते, मॅडम. तुम्ही कानात काहून सांगता?"

टाकीभोवती सात-आठ माणसे होती. ढवळणी सुरू होती. माझा आवाज तिच्यावर चढणार नव्हता. काकांनी ती बंद केली आणि वाट पाहत उभे राहिले. मी तेच वाक्य पुन्हा म्हटले, आणि शून्य कुणी लावले नव्हते तेही सांगितले.