खऱ्या दुधाची चन्नम्मा

माझ्या सासूबाई चन्नम्मा, मी त्यांना आत्याबाई म्हणते. देगाव रस्त्याला आमचा गोठा आहे आणि त्यात अकरा म्हशी. लांब शिंगांच्या, काळ्याभोर, आणि सासूबाईंसारख्याच कुणाचं न ऐकणाऱ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या हातात दुधाचा पेला दिला आणि मी सगळं पिऊन होईस्तोवर समोर उभ्या राहिल्या. पेल्याच्या कडेला जो पिवळसर थर राहिला तो दाखवून म्हणाल्या, "ही आमची इज्जत."

त्यांच्या दुधात पाण्याचा थेंब नसतो हे गावात पार बाळीवेशीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे शिव्या कानडीतून. त्यातली सगळ्यात जहरी शिवी म्हणजे 'नीर हालू', पाण्याचं दूध. एखादा माणूस शब्दाला जागला नाही, सोयऱ्याने लग्नात कमी वाढलं, की आत्याबाई एवढंच म्हणायच्या आणि विषय संपायचा.

आमचे मामा, म्हणजे सासरे बसप्पा, त्यांना गेल्या उन्हाळ्यात हार्ट अटॅक आला. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. काळजाच्या नळीत स्टेंट बसवला, गोळ्या सुरू झाल्या. घरी सोडताना तिथल्या आहाराच्या पायल मॅडमनी सांगितलं, चरबी कमी करा, दूध टोन्ड घ्या. आत्याबाईंनी मला कोपराने ढोसलं. "टोन म्हंजी काय गं?" मी म्हटलं, कमी चरबीचं, पिशवीतलं. त्यांचं तोंड असं झालं की जणू मीच मामांना विष पाजायला निघाले आहे.

"पाणीच की त्यात. माज्या घरात अकरा म्हशी असताना मालकास्नी नीर हालू पाजू व्हय?"

पण डॉक्टरांचा शब्द पाळायचा होता. म्हणून त्यांनी स्वतःच तोड काढली. दूध तापवून निवलं की वरची साय काढायची आणि मग मामांना द्यायचं. रोज सकाळी, चमच्याने, इतक्या नेटाने की मला कौतुक वाटायचं. झाली की नाही चरबी कमी? शेजारणींना बोलावून दाखवलंसुद्धा.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. मामांचं वाईट कोलेस्टेरॉल, ज्याला ते एलडीएल म्हणतात, हवं होतं सत्तरच्या आत आणि निघालं ब्याण्णव. डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेतात ना? आत्याबाई चिडल्या. "रोज मी सोता तोंडात घालती." मग पुन्हा पायल मॅडमकडे पाठवलं.

मॅडम वयाने लहान, पण बोलायला गोड आणि विचारायला पक्क्या. दूध कोणतं, किती, सगळं विचारलं. साय काढतो म्हटल्यावर त्या खूश झाल्या आणि सहज म्हणाल्या, "मग त्या सायीचं काय करता, मावशी?"

"तूप कढवती की."

"आणि तूप कोण खातं?"

आत्याबाई पिशवीतले कागद चाळायला लागल्या. मामा मात्र मोकळ्या मनाने म्हणाले, "मीच. भाकरीवर, आमटीत, शेंगापोळीवर. हिच्या हाताचं तूप हाय, टाकायचं का?"

मला हसू आवरेना. तीन महिने एका दाराने काढलेली साय आम्ही दुसऱ्या दाराने मामांच्या ताटात घालत होतो. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आता नीट सांगा. मी शिकलेली न्हाय, पण अडाणी न्हाय."

मॅडमनी नीट सांगितलं, आणि हे मला त्यांचं फार आवडलं, की फुगवून सांगितलं नाही. दूध हे काही विष नाही, म्हणाल्या. ज्यांचं काळीज धडधाकट आहे त्यांच्यात साध्या दुधाने हृदयरोग वाढतोच असं अभ्यासांत स्पष्ट दिसलेलं नाही. पण तूप-लोण्यातली घट्ट चरबी एलडीएल वाढवते हे पक्कं आहे, आणि ज्यांच्या नळ्या एकदा तुंबल्या त्यांच्यासाठी ते खाली असणं महत्त्वाचं. साय काढली तरी दुधात बरीच चरबी राहते. म्हशीच्या दुधात ती सहा-सात टक्के, टोन्डमध्ये तीन, डबल टोन्डमध्ये दीड. प्रथिनं, कॅल्शियम टोन्डमध्येही जवळपास तितकंच मिळतं. आणि तूप काढून त्या जागी बिस्किटं, साखर घातली तर फायदा नाही. त्या जागी करडईचं तेल, शेंगदाणे आणा. गोळी मात्र कशानेही सुटत नाही.

"एक इचारू? त्या टोन दुधात पाणी घालत्यात का न्हाय?"

"घालतात. म्हशीच्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर, असंच ते करतात. आणि पिशवीवर टोन्ड असं छापतात, चरबी किती तेही."

"सांगून घालत्यात व्हय?" आत्याबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "मग ते नीर हालू न्हाय. लपवून घालत्यात, ते नीर हालू."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. मी म्हटलं, मी आणते, लोक काय म्हणतील. त्या म्हणाल्या, "चोरी करायला चाललीय का मी?" भर सकाळी, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत त्यांनी डबल टोन्डची पिशवी आणली. मामांसाठी भाकरीवर तुपाऐवजी करडईच्या तेलातली शेंगाचटणी आली. मामा चार दिवस चहाचा कप हातात घेऊन दुखवट्याला बसल्यासारखे बसले, मग प्यायला लागले.

लोक बोललेच. चन्नम्मांच्या घरात पिशवीचं दूध येतं, म्हणजे गोठ्यात काहीतरी कुजलंय. दोन रतीब बंद झाले. मला रडू यायचं, त्या मात्र धार काढत राहिल्या.

पुढच्या तपासणीत ब्याण्णवचं चौऱ्याहत्तर झालं. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली, पण म्हणाले, एवढा उतार पथ्यामुळेच दिसतो. आत्याबाईंनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला. त्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि मामांच्या पाठीवर हात. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना असं करताना पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतरची गोष्ट. निंगप्पा आमचं जुनं गिऱ्हाईक, बायपास झालेला, रोज एक लिटर घेणारा. संध्याकाळी सगळे किटल्या घेऊन उभे असताना त्याने किटली पुढे केली आणि आत्याबाईंनी माप मागे घेतलं.

"तुला आजपास्नं न्हाय. घरच्यांसाठी अर्दा लिटर ने, तू पिशवीचं पी. डबल टोन. आनी डॉक्टरला इचार."

निंगप्पा ओशाळून म्हणाला, "आक्का, लोक म्हनत्यात ते खरं का मग? दुधात काय झालंय का?"

सगळी रांग कान टवकारून उभी. मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. पण त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "माजं दूध खरं हाय निंगप्पा. म्हनून तर तुला देत न्हाय."

रांगेतल्या पुढच्या बाईने आपली किटली पुढे केली. मी आत जाऊन पुढची घागर उचलून आणली, आणि त्या दिवशी माझी मान जरा जास्तच ताठ होती.