साटीनच्या परकराचे दोन अभ्रे

नाशिकला घराच्या पुढच्या खोलीत मी पार्लर चालवायचे, तेव्हा आरशाशेजारी माझी यादी चिकटवलेली असे: रंगवलेले केस कधी धुवायचे, कोणता शांपू, तेल कधी. झोपायचं कसं, हे तिच्यात नव्हतं. ते लासलगावच्या काकूंमुळे आलं.

काकूंचे यजमान कांद्याचे आडते. काकू दीड महिन्याने एसटीने यायच्या आणि बरगंडी रंग लावून घ्यायच्या. एकदा आल्या त्या खुर्चीत न बसता दारातच थांबल्या.

"मला नको तो रंग आता," म्हणाल्या. "मागच्या खेपेला रंगवून गेले अन् दुसऱ्याच दिवशी इथं नाशकात, द्वारकेला, पोरीच्या घरी आले. दोन रात्री राहिले. इहिणीचे पांढरे अभ्रे, हातानं भरलेले. सकाळी उशीवर लाल डाग. चार बायांत म्हणती, इहीणबाई, झोपेत पान खाता का हो? पोरगी तोंड लपवून आत गेली."

पुढच्या रविवारी नातवाचा वाढदिवस होता. पांढऱ्या केसांनी जायचं नाही आणि डागही पाडायचा नाही, असा पेच.

मी वही काढली. केस कधी धुतले होते?

"निघायच्या आधी वेळ कुठं? तिथंच, जेवणं झाल्यावर."

"वाळवले?"

"वल्लेच बांधले. घट्ट अंबाडा, नायतर इसकटतात."

म्हणजे नवा रंग, ओले केस आणि रात्रभर सुती अभ्र्यावर घासणारा अंबाडा. चूक निम्मी माझी होती. मी सांगितलंच नव्हतं. या वेळी रंग लावल्यावर निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत केस धुतले. मग बजावलं: केस दिवसा धुवा, पूर्ण वाळवा, झोपताना सैल वेणी घाला, टोकाला रबर नको, कापडी पट्टी बांधा. माझा एक जुना मरून साटीनचा परकर होता. तो कापून मशीनवर अभ्रा शिवला.

"यानं रंग पक्का होत नाही," मी म्हटलं. "केस घसरतात, घासत नाहीत, एवढंच. थोडा उतरला तरी मरूनवर दिसायचा नाही."

"उशी तिची अन् परकर तुझा," काकू पहिल्यांदा हसल्या. "नेते."

सोमवारी परतीची एसटी धरण्याआधी त्या थेट माझ्याकडे आल्या. पिशवीतून अभ्रा काढून खिडकीपाशी धरला. कडेला जरासा लालसर ठिपका होता, तोही शोधावा लागला. खालचा पांढरा अभ्रा कोरा राहिला, म्हणाल्या.

"विहीणबाई काय म्हणाल्या?"

"सकाळी उशी उचलून बघितली तिनं. मग दार लोटलं अन् हळूच इचारलं, हे कुठं मिळतं? तीबी केस रंगवते, तिच्या उशीवर काळा टॉवेल असतो, लेकीनं सांगितलं मला. मी टोमणा नाय मारला. पोरीला तिथंच नांदायचंय."

परकराचं अर्धं कापड उरलं होतं. काकू स्टुलावर बसून चहा प्यायल्या, तोवर मी दुसरा अभ्रा शिवला. जाता जाता द्वारकेवर उतरून त्या तो विहिणीला देणार होत्या.

त्या संध्याकाळी यादीत खाली एक ओळ वाढली. पार्लर बंद झालं तेव्हा कागद पिवळा पडला होता. तो मी वहीत ठेवलाय. आता माझे स्वतःचे केस रंगवते, तेव्हा शेवटची ओळ न वाचताच सैल वेणी घालते.