शिवांजलीने मागितलेली जागा

शिवांजलीला कुणाकडे काही मागायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. अंबाजोगाईत वडिलांचं कापडाचं दुकान होतं. तिथे लहानपणापासून ती एकच शहाणपण शिकली होती: आहे त्यात भागवायचं. लग्नानंतर बीडला आली, बियाणे कंपनीत डिझायनर म्हणून लागली आणि बारा वर्षांत पाकिटांच्या डिझाइन टीमची प्रमुख झाली, तरी सवय तीच. खुर्ची मोडली तर खाली पुठ्ठा घालून चालवली. पण मागणीचा अर्ज तिच्या हातून कधी गेला नाही.

त्यामुळे मेलबॉक्स भरत आल्याच्या सूचना स्क्रीनवर येऊ लागल्या, तेव्हा तिने त्या मिटवून टाकल्या. पंधरा दिवस रोज मिटवल्या.

सोमवारी सकाळी महाव्यवस्थापक सुंदररावांनी तिला आणि वैष्णवीला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बाजरीचं नवीन पाकीट पडलं होतं.

"हे उलटं करून बघा," ते म्हणाले. "मागच्या बाजूला विषारी असल्याचा इशारा कुठे आहे?"

औषध लावलेलं बियाणं असलं की पाकिटावर इशारा छापावाच लागतो: विषारी आहे, खाऊ नये, जनावरांना घालू नये. शिवांजलीने पाकीट दोनदा फिरवून बघितलं. इशाऱ्याची चौकट नव्हतीच.

"चाळीस हजार छापून गोदामात आलीत. देव पावला म्हणून एकही बाहेर गेलं नाही," सुंदरराव म्हणाले. "फाइल कुणी पाठवली छापखान्याला?"

"मी," वैष्णवी म्हणाली. चकलांब्याची पोरगी, नोकरीला जेमतेम सात महिने झालेले. "पण मी मॅडमला विचारलं होतं, साहेब. प्रयोगशाळेनं पाकिटासाठी धाडलेल्या नव्या मजकुरात चौकट न्हाई, टाकू का तसंच जाऊ दे, असा मेल केलता."

"मला असा मेल आलाच नाही," शिवांजली म्हणाली. आणि ते खरं होतं.

"खरंच केलता, मॅडम."

"उद्या संध्याकाळपर्यंत लेखी द्या दोघी," सुंदरराव म्हणाले. "मेल केला नसेल तर या मुलीला ठेवता येणार नाही. विषाचा मामला आहे, खेळ नाही."

बाहेर आल्यावर वैष्णवी रडली नाही, तेच शिवांजलीला जास्त लागलं. ती नुसती आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि पुढच्या पाकिटाची अक्षरं सरकवू लागली. शिवांजलीची स्वतःची लेक अकरावीत होती. उद्या असं कुणी तिच्या लेकीला म्हणालं तर?

आयटी विभाग म्हणजे जिन्याखालची एसी खोली आणि त्यात भीमाशंकर नावाचा एकटा माणूस. शिवांजलीने त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी तिचा मेलबॉक्स उघडला, मग वैष्णवीचा.

"मेल केलाय पोरीनं," तो म्हणाला. "मागच्या मंगळवारी, दहा चाळीसला. तुमच्याकडे पोचला न्हाई. तुमचा बॉक्स फुल होता, म्हणून सर्व्हरनं परत पाठवला. परत आल्याची सूचना तिच्या बॉक्समध्ये पडून हाय, इंग्रजीत."

वैष्णवीला बोलावलं. ती म्हणाली, "सिस्टीमकडून काहीतरी आलतं. असले लई येतात, म्हणून उघडलं न्हाई. दुपारपर्यंत तुमचं उत्तर आलं न्हाई, म्हणून धाडली फाइल."

दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर मंजूर समजायचं, हा नियम शिवांजलीचाच. खरिपाच्या घाईत तीन माणसांनी साठ वाणांची पाकिटं काढायची म्हणून तिनेच घातलेला. आणि तोंडी काही विचारायचं नाही, सगळं मेलवर, हाही तिचाच.

"आता हे बघा, म्याडम." भीमाशंकरने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "दोन जीबीचा बॉक्स. त्यातले सव्वा जीबी कचऱ्याच्या फोल्डरमध्ये. रिकामा करू का?"

"नको!" ती जवळजवळ ओरडली. "ते कपाट आहे माझं."

"कपाट?"

"काम झालं की मंजुरीचे मेल तिथे टाकते. एक बटण दाबलं की समोरचं स्वच्छ. लागलं की तिथूनच काढते."

भीमाशंकरने कपाळावर हात मारला. "चार वर्षांचे कागद कचऱ्याच्या डब्यात! आणि डबाबी दोन जीबीतच मोजला जातो, बाई. एक फोन केला असता तर आर्काइव्ह, म्हंजी जुन्या मेलसाठी वेगळं कपाट, लावून दिलं असतं. मागायला कावून लाजता?"

ती पुन्हा त्या सव्वा जीबीच्या आकड्याकडे बघू लागली.

"टीमच्या फाइली ठेवता ती ड्राइव्हबी भरलीय तुमची," भीमाशंकर म्हणाला. "मेल लिहा मला, साहेबांना कॉपी ठेवून. पण 'जागा कमी पडते' एवढंच लिहू नका. तसले मेल रोज येतात. किती लागते, कशाला लागते आणि तुम्ही काय आवरलंय, ते लिहा."

दिवसभर ती लिहीत बसली. पहिला मसुदा छान झाला होता. टीमच्या ड्राइव्हला पन्नास जीबी, त्यातले सत्तेचाळीस भरलेले. बासष्ट वाण, प्रत्येकाचं पाकीट चार भाषांत, एका फाइलला सरासरी एकशे ऐंशी एमबी. छापखान्याचा एक नमुना पंधरा एमबीचा, एका पाकिटाच्या तीन-चार फेऱ्या, महिन्याला आठ पाकिटं. म्हणजे मेलबॉक्स चार महिन्यांत भरणारच. मेलबॉक्स पाच जीबी आणि ड्राइव्ह शंभर जीबी करावी. सगळे आकडे खरे होते. ते वाचून कुणीही म्हटलं असतं, बिचारीचा काय दोष, जागाच नव्हती.

मंगळवारी सकाळी तिने तो परत वाचला. पलीकडे वैष्णवी तिचं लेखी उत्तर लिहीत होती, दर ओळ खोडून. शिवांजलीने मसुद्यात खाली पाच वाक्यं घातली.

"वरील जागा खरोखर लागते. परंतु मेलबॉक्स भरत असल्याच्या सूचना मला पंधरा दिवस येत होत्या आणि मी त्या दुर्लक्षित केल्या. जुने मेल मी डिलीट फोल्डरमध्ये साठवत होते, त्यामुळे वैष्णवीचा मेल परत गेला. परतीची सूचना सोबत जोडली आहे. उत्तर न आल्यास मंजूर समजण्याचा नियम माझा होता आणि तो आजपासून रद्द केला आहे."

कॉपीत सुंदररावांचं नाव आहे ना, ते तिने एकदा बघितलं. मग पाठवण्याचं बटण दाबलं.

दुपारी भीमाशंकरचं उत्तर आलं: मेलबॉक्स पाच जीबी केला, कचऱ्यातले मेल आर्काइव्हमध्ये हलवले. ड्राइव्हसाठी सर्व्हरला नवी डिस्क लागेल. तोवर मागच्या हंगामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. खाली एक ओळ जास्तीची होती: 'असा मेल आजवर कुणी लिहिला नव्हता.'

सुंदररावांनी संध्याकाळी तिला एकटीलाच बोलावलं. "मुलगी राहील," ते म्हणाले. "चाळीस हजार पाकिटांना स्टिकर लावायचे, ते तुमच्या देखरेखीखाली. आणि टीम तुमच्याकडे ठेवायची का, हे हंगाम संपल्यावर बघू."

"बरं," ती म्हणाली. याहून जास्त काही मागावंसं तिला वाटलं नाही.

जागेवर आली तर वैष्णवी उभी होती. "मॅडम, कापसाच्या पाकिटात एक विचारायचं होतं. मेल करू का?"

"बस इथे," शिवांजली म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढली. "आधी तोंडी सांग."

वैष्णवी सांगत होती. शिवांजली ऐकत होती, पण नजर पुन्हापुन्हा इनबॉक्सकडे जात होती. आता तिथे भरपूर जागा होती. मागच्या मंगळवारपासून आणखी कुणाकुणाचे मेल परत गेले असतील, याची यादी भीमाशंकर उद्या देणार होता.