नऊ सेकंदांचं भाषांतर

मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. आम्ही फ्रँकफर्टला राहायला येऊन अकरा वर्षं झाली होती. सासूबाई गेल्यावर सासरे पुण्यात एकटे पडले. ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले आणि नवऱ्याने ठरवून टाकलं की आता परत जायचं. घर सोडण्याची नोटीस, क्युंडिगुंग, टाइप करून फ्रिजला चुंबकाने लावली होती. फक्त सह्या करून पाठवायची होती.

मुलगी म्हणाली, मी येणार नाही.

त्यानंतर घरात रोज भांडण. निमित्त काहीही चालायचं. बाथरूमचं दार हे सगळ्यात मोठं निमित्त. अण्णा, म्हणजे माझे सासरे, आंघोळीला जाताना आतून कडी लावायचे नाहीत. मुलगी दोनदा तशीच आत शिरली आणि मग जर्मनमध्ये जे काही ओरडली ते अख्ख्या मजल्याने ऐकलं असेल. तिला मराठी कळायचं, पण रागात तोंडून जर्मनच यायचं. अण्णांना जर्मनचा गंध नाही. ते माझ्याकडे बघायचे.

मी भाषांतर करायचे, आणि तिथेच माझी गफलत होती. "हा माणूस माझ्या घरात येऊन माझंच आयुष्य ठरवतोय," असं ती म्हणाली, की मी अण्णांच्या कानाशी लागून सांगायचे, "तिला तिकडच्या शाळेची काळजी वाटतेय." अण्णा लगेच, "अगं, त्यात काय एवढं? तिच्या शाळेचं मी बघतो." हे मुलीला थेट कळायचं. आपण काय बोललो आणि हे कशाला उत्तर देतायत, या विचाराने ती आणखी भडकायची. मला वाटायचं, मी आगीवर पाणी टाकतेय.

एका शुक्रवारी ती शाळेतून मैत्रिणीकडे गेली आणि रविवारपर्यंत आली नाही. सोमवारी वर्गशिक्षिकेने मला बोलावून शहराच्या कुटुंब-सल्ला केंद्राचा पत्ता हातात दिला. नवरा म्हणाला, "आपल्या घरातलं परक्यांना सांगायचं?" मी म्हटलं, "ती परक्यांकडेच झोपून आलीय." तो आला. अण्णाही आले, कोट घालून, डॉक्टरकडे निघाल्यासारखे.

तिथली बाई साठीची असावी. तिने आम्हाला गोल टेबलाभोवती बसवलं आणि मुलीला पहिल्यांदा बोलायला सांगितलं. मुलगी मिनिटभर बोलली. मी अण्णांना एक वाक्य सांगितलं. बाईने घड्याळाकडे बोट दाखवलं. "ती एक मिनिट बोलली. तुम्ही नऊ सेकंद. बाकीचं कुठे गेलं?"

मी म्हटलं, ते वयस्कर आहेत, त्यांना लागेल.

"त्यांना काय लागेल ते तुम्हीच ठरवता?" ती शांतपणे म्हणाली. मला राग आला.

मग तिने नियम सांगितला. एकाने बोलायचं, तेही थोडं. दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, समोरच्याला काय वाटत असेल तेही, आणि विचारायचं, बरोबर आहे का? समोरचा 'हो' म्हणाला तरच पुढे. 'पण' नाही, सल्ला नाही, 'तू असं का केलंस' नाही. आवाज चढला तर थांबायचं, पाणी प्यायचं. पटलंच पाहिजे असं काही नाही, समजलं पाहिजे. आणि मी शब्द न शब्द सांगायचा.

पहिली पाळी मुलीची आणि तिच्या बाबाची. ती म्हणाली, बाबाने मला विचारलं नाही, सांगितलं. नवरा म्हणाला, "म्हणजे तुझं म्हणणं, आजोबा तिकडे एकटे पडून मेले तरी चालेल."

"नाइन," मुलगी म्हणाली, म्हणजे नाही.

बाई म्हणाली, "हे तुमचं उत्तर झालं. तिचं म्हणणं सांगा."

दुसऱ्यांदा तो म्हणाला, "तुला फ्रँकफर्ट सोडायचं नाही." पुन्हा नाइन. तो पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला. "मी ठरवून मोकळा झालो. तुला विचारलं नाही. त्याचा तुला राग आलाय. त्याहून जास्त... वाईट वाटलंय. बरोबर?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकली. आवाज पहिल्यांदा खाली आला. प्रश्न मात्र होता तिथेच होता.

मग ती अण्णांकडे वळली. तिचं वाक्य मी आजही विसरलेले नाही. "मी यांना ओळखतसुद्धा नाही. ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी सगळं कशाला सोडू?"

बाई माझ्याकडे बघत होती. मी जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याने डोळे मिटले.

अण्णांनी कोटाचं वरचं बटण काढलं. बाईने मध्ये कुणालाच बोलू दिलं नाही. मग ते म्हणाले, "ती मला ओळखत नाही. दोन वर्षांतून एकदा तीन आठवडे यायची, त्यात निम्मे दिवस लग्नकार्यात. आणि आता मी म्हातारा अचानक तिच्या घरात. अनोळखी माणसासाठी सगळं सोडायचं तर अन्यायच वाटणार. बरोबर का गं?"

मुलगी मराठीत म्हणाली, "हो."

मग अण्णांची पाळी. त्यांना वाटलं असावं, आता थोडक्यात आटपावं. "मला भीती वाटते," ते म्हणाले. "दिवसभर नाही. आंघोळीला जाताना. मागे एकदा घसरलो तेव्हा कडी लावलेली होती. उठता येईना. दूधवाला येईपर्यंत कुणाला कळलं नाही." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

परत सांगायचं होतं मुलीने. ती जर्मन-मराठीची खिचडी करत बोलली. "आजोबा घसरले. दार बंद होतं. कोणी आलं नाही. म्हणून... म्हणून इकडे पण कडी लावत नाही." ती थांबली. "आणि मी ओरडले. बरोबर?"

"बरोबर," अण्णा म्हणाले.

मला त्या वेळी फार मोकळं वाटलं असं नाही. दोन महिने मी या दोघांच्या मध्ये बसून नेमकं हेच अडवून धरलं होतं.

त्या टेबलावर काही सुटलं नाही. पुढे तीन वेळा गेलो, घरी रविवारी दुपारी चौघांनी तसंच बसायला लागलो, आणि दोनदा ते फसून ताटं आपटली गेली. नवऱ्याने नोटीस फ्रिजवरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवली, फाडली नाही. बिनपगारी रजा घेऊन तो अण्णांबरोबर चार महिन्यांसाठी पुण्याला गेला. बाथरूमची कडी काढून टाकली, भिंतीला धरायला दांडा लावला, दिवसभर सोबतीला कामाची बाई ठेवली. मुलीची शाळा संपेपर्यंत आम्ही इथेच राहायचं ठरलं. अण्णांना हे पुरेसं नव्हतं. तसं ते स्पष्ट म्हणाले, आणि आम्ही ते त्यांना परत सांगितलं.

विमानतळावर मुलगी आणि अण्णा बाकावर बसून मोडक्यातोडक्या मराठीत बोलत होते. तिला एक शब्द अडला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रॉली घेऊन दोन पावलं लांब उभी होते, तशीच उभी राहिले. तिने हवेतच हाताने दार उघडल्यासारखं करून दाखवलं. अण्णांनी मान हलवली.