तिसरी फेरी

वस्तीत तिला सगळे फूटपट्टी म्हणत. आरोग्य पाहणीसाठी माणसांची उंची मोजणं हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. चपला काढा, अंबाडा सोडा, टाचा फळीला टेकवा, नजर समोर. मग मिलिमीटरपर्यंत आकडा.

सोमवारी निरोप आला. तिच्या भागातल्या तरुण पुरुषांची सरासरी सैन्यभरतीच्या नोंदींपेक्षा पाच सेंटिमीटरनं कमी भरली होती. उद्या पर्यवेक्षक बाई दहा घरं पुन्हा मोजणार. चूक निघाली तर काम गेलं.

रात्रीचं जेवण ताटात तसंच राहिलं.

"आमच्या वहीशी तुलना?" नवरा म्हणाला. तो भरती कार्यालयातला निवृत्त कारकून. "अगं, ठरलेल्या उंचीखालचा दारातूनच परत जायचा. वहीत चढायचाच नाही. आमच्या वहीत सगळे उंटच."

"आणि तुम्ही?"

"टेबलामागं बसायला उंची लागत नव्हती."

एरवी ती हसली असती.

दुसऱ्या दिवशी दहाही घरांत बाईंनी स्वतः मापं घेतली. ती शेजारी घामेजून उभी. कुठे दोन मिलिमीटर, कुठे तीन, त्याहून जास्त फरक नाही.

"हात पक्का आहे तुमचा," बाई म्हणाल्या. "भरतीच्या वहीत बुटके नसतातच, हे मी वर लिहीन. घाबरला होतात का?"

"थोडी."

शेवटच्या घरातली म्हातारी दारातून म्हणाली, "माझे दोन्ही लेक राहिले की मोजायचे. चांगले दरवाज्याला डोकं लागणारे आहेत. गोदामात जातात, सहाला येतात."

बाईंनी फॉर्म उलटला. "तीन फेऱ्या झाल्यात आजी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. नाही भेटले की वगळतो." आणि सहीसाठी पेन काढलं.

फूटपट्टीनं फॉर्मवरच्या रकान्यांकडे पाहिलं. संध्याकाळच्या रकान्यातलं अक्षर तिचंच होतं. या गल्लीत संध्याकाळी तिला एकदा कुत्रं चावलं होतं. तेव्हापासून संध्याकाळची फेरीसुद्धा ती सकाळी अकरालाच उरकत होती. अकराला घरी कोण सापडणार? आजारी, खुरटलेले, काम न मिळालेले. धडधाकट, उंच पोरं कामावर. एकेक माप खरं होतं, पण मोजलेली माणसं निवडक होती. भरतीच्या वहीसारखीच, फक्त उलट बाजूनं.

सही झाली की सुटले. एवढंच गप्प राहायचं होतं.

"बाई," ती म्हणाली. "संध्याकाळची फेरी... मी आलेच नव्हते."

पेन थांबलं.

"किती घरांत?"

"त्रेचाळीस."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. म्हातारी दोघींकडे पाळीपाळीनं बघत होती.

"हे मला वर कळवावं लागेल," बाई शेवटी म्हणाल्या. "कामाचं काय होईल, मी सांगू शकत नाही. आज सहाला या घरापासून सुरू करू. याल?"

गल्लीच्या तोंडाशी काहीतरी भुंकलं. तिनं फळी छातीशी धरली.

"येते," ती म्हणाली.