माडीवरचं ताट

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मी चार्वाक शिकवला, ही माझी चूक. त्यांच्या बायकोचं पहिलं श्राद्ध आठवड्यावर आलं होतं, ते दमून जिन्यात बसले होते, आणि मला कॉलेजातल्या तासाची तालीम करायला कोणीतरी हवंच होतं.

या गृहस्थांचा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. बेल दाबतात, मग दार ठोठावतात, मग विचारतात, "अहो सर, बेल वाजली का?" मला वाटलं, हा तर जन्मजात चार्वाक! प्रत्यक्ष दिसेल तेवढंच खरं, मी सांगितलं. धुराबरोबर अग्नी असतोच, हे सर्व ठिकाणी, सर्व काळी कोणी पाहिलंय? आंबवलेल्या धान्यातून कैफ यावा तसं चैतन्य देहातून येतं. देह जळला की संपलं. श्राद्ध ही पुरोहितांच्या पोटाची सोय. खाली वाढलेलं माडीवरच्याला पोचत नाही, ते परलोकात कसं पोचेल?

"म्हणजे तिला काहीच पोचणार नाही?"

"चार्वाकाच्या मते, नाही," मी ऐटीत म्हणालो.

आयटीतल्या मुलानं अमेरिकेतून ठरवलेले गुरुजी त्यांनी रद्द केले.

श्राद्धाच्या दुपारी बेल वाजली, मग दार. ते ताट घेऊन उभे होते. वडे, अळूची भाजी, खीर. सगळं स्वतः रांधलेलं.

"तिच्या आवडीचं आहे. तुम्ही खा, मी बघतो."

खीर करपली होती. ते समोर बसून एकेक घास बघत राहिले. शेवटी त्यांचा चेहरा मला बघवेना.

"वहिनींना पोचलं हो," मी म्हणालो.

रिकामं ताट उचलत ते म्हणाले, "सर, वाटीभर खिरीत पक्ष बदललात. पोरांना दुसरं काहीतरी शिकवा."